खिडकीभोवती दोन सूत जागा सोडा

मे महिन्यातली संध्याकाळ. पश्चिमेकडून आकाश पिवळट होतं, आंधी येते आणि तिच्या पाठोपाठ पावसाची जोरदार सर. तुम्ही धावत जाऊन स्लायडिंग खिडकीची काच ओढून घेता, कडी लावता आणि निश्चिंत होता. थोड्या वेळाने पाहता तर खिडकीखालच्या भिंतीवरून पाण्याचा ओघळ चाललेला. काच बंद आहे, रबर शाबूत आहे, मग पाणी आलं कुठून?

झाशीला माझ्या आत्याच्या घरी नेमकं हेच झालं. आत्याचं घर जुन्या शहरात, खंडेराव दरवाज्याच्या आतल्या बाजूला आहे. झाशीतली बरीच मराठी घराणी मराठेशाहीच्या काळापासून इथे आहेत, आणि अशा जुन्या घरांना दर पिढीने आपापल्या परीने ठिगळं लावलेली असतात. आत्याच्या माडीवरची पश्चिमेची भिंत त्याचा उत्तम नमुना आहे. खिडकीच्या एका बाजूला जुनी दगड-चुन्याची भिंत, दुसऱ्या बाजूला नंतर बांधलेली विटांची. तिथली सागवानी खिडकी वाळवीने खाल्ली, तेव्हा तिथे पाच फूट बाय चार फुटांची तपकिरी अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी आली.

ती बसवणारा मिस्त्री आत्याला म्हणाला होता, "माताजी, चारों तरफ मसाला भर देंगे, हिलेगी नहीं।" त्याने शब्द पाळला. चौकटीच्या चारही बाजूंना सिमेंट ठासून भरलं. खिडकी हलत नव्हती हे खरं, पण पहिल्याच उन्हाळ्यात तिची काचेची दारं, म्हणजे शटर, सरकेनाशी झाली. गंमत अशी की पहाटे ती बोटाने सरकायची आणि दुपारी चार वाजता दोन्ही हात लावले तरी अडकायची. तुमच्या घरी पश्चिमेची किंवा दक्षिणेची खिडकी अशी वेळ पाहून अडकत असेल, तर रोलर बदलण्याआधी चौकटीच्या कडा बघा.

दोन मिलिमीटरचा हिशेब

अॅल्युमिनियम तापलं की वाढतं. एक मीटर लांबीची पट्टी दर अंशाला साधारण ०.०२४ मिलिमीटर वाढते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण झाशीत लावून बघा. जानेवारीच्या पहाटे बाहेर पाच-सहा अंश असतात. मे महिन्यात हवाच ४५ अंशांपर्यंत जाते आणि थेट उन्हातली गडद रंगाची चौकट ६५ अंशांच्या घरात पोहोचते. म्हणजे वर्षभरात सुमारे ६० अंशांचा फरक. दीड मीटरच्या चौकटीला हिशेब केला तर १.५ गुणिले ६० गुणिले ०.०२४, म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. वीट तेवढ्याच उष्णतेला जेमतेम चौथा हिस्सा वाढते, आणि जाड भिंत इतकी तापतही नाही.

आता सिमेंटने चारही बाजूंनी आवळलेल्या चौकटीने ते दोन मिलिमीटर न्यावे कुठे? ती वाकते. बाजूचे खांब आत फुगतात, खालचा ट्रॅक मध्ये उचलला जातो आणि शटर घासू लागतं. हिवाळ्यात हीच चौकट आखडते आणि सिमेंटपासून सुटून केसाएवढी फट पडते. ती फट खालून बघितली तर दिसतही नाही, पण वाऱ्याने रेटलेल्या पावसाला तेवढी पुरते. आत्याच्या भिंतीवरचा ओघळ तिथूनच येत होता.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ती चौकट काढली तेव्हा मी तिथेच होते. सिमेंटमध्ये रुतलेली बाजू हाताला खरखरीत लागली. तिच्यावर पांढरी भुकटी होती आणि बारीक खड्डे पडले होते. ओलं सिमेंट क्षारधर्मी असतं आणि अॅल्युमिनियमला ते खातं. म्हणूनच चौकटीला ओलं सिमेंट लागू देत नाहीत, आणि प्लास्टर आधी पूर्ण करून चौकट नंतर बसवतात. चौकटीवरची निळी किंवा पांढरी प्लास्टिकची पट्टी काम संपेपर्यंत सोलू नका, असं सांगतात तेही याचसाठी.

माप भिंतीचं नव्हे, सर्वांत अरुंद जागेचं

नव्याने काम करणारा फॅब्रिकेटर वयस्कर आणि कमी बोलणारा होता. त्याने भिंतीतल्या मोकळ्या जागेची रुंदी तीन ठिकाणी मोजली. वर १५२८ मिलिमीटर, मध्ये १५२२, खाली १५२५. जुन्या घरात असंच असतं, नव्या घरातही फारसं वेगळं नसतं. यातलं सर्वांत लहान माप धरायचं, म्हणजे १५२२. त्यातून दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटर सोडले, चौकट ठरली १५१० मिलिमीटर रुंद. उंचीही तशीच तीनदा मोजली. उजवीकडे १२२०, मध्ये १२२३, डावीकडे १२२५. चौकट झाली १२०८ उंच.

सहा मिलिमीटर म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत दोन सूत. एक सूत का नाही, असं मी विचारलं. त्याचं उत्तर शेवटी भरायच्या सिलिकॉनमध्ये आहे. चौकट दोन मिलिमीटर हलते, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण एक. बाहेरच्या कामासाठी मिळणारं बरंच चांगलं सिलिकॉन आपल्या रुंदीच्या २५ टक्के ताणलं किंवा दाबलं जाऊ शकतं. सहाच्या फटीत एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १७ टक्के, ते निभतं. तीनच्या फटीत तोच एक मिलिमीटर ३३ टक्के होतो आणि सिलिकॉन एखाद्या हिवाळ्यात फाटतं. फट पातळ तेवढी बरी, असं आपल्याला वाटतं, इथे ते उलट आहे. खिडकी मोठी असेल किंवा रंग काळपट असेल तर फट आणखी थोडी वाढवावी लागते.

वजन पेलतं पॅकिंग

चौकट आणि भिंत यांच्यामध्ये ठेवायच्या छोट्या चकत्यांना इंग्रजीत शिम म्हणतात, कामगार त्यांना पॅकिंग म्हणतात. खिडकीचं वजन यांच्यावर असतं, स्क्रूवर नाही आणि सिलिकॉनवर तर मुळीच नाही. आत्याच्या खिडकीला पाच मिलिमीटरची काच आहे. अशा काचेचं वजन दर चौरस मीटरला साडेबारा किलो, म्हणजे दोन्ही शटरची मिळून २२ किलोंच्या आसपास काच. आणि हे वजन एका जागी थांबत नाही, शटरबरोबर सरकतं. दोन्ही शटर एका बाजूला घेतली की सगळा भार ट्रॅकच्या अर्ध्या भागावर येतो. म्हणून फक्त दोन कोपऱ्यांत पॅकिंग ठेवून भागत नाही. ट्रॅक मध्ये लवतो, शटर खाली बसतं आणि वरच्या ट्रॅकमधली त्याची पकड कमी होते. माडीवरच्या खिडकीत ही गोष्ट गंभीर आहे. पकड सुटलेलं दहा-बारा किलोचं शटर आंधीत गल्लीत पडू शकतं, आणि आत्याच्या खिडकीखाली संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात.

पाण्याची पारदर्शक नळी लावून खालच्या कट्ट्याची पातळी पाहिली, तर डावी बाजू पाच मिलिमीटर खाली निघाली. मग ट्रॅकखाली पाच ठिकाणी पॅकिंग ठेवलं. दोन टोकांना कोपऱ्यापासून तीन बोटं सोडून, आणि मधली साधारण एक-एक फुटाच्या अंतराने. उजवीकडे सहा मिलिमीटरपासून सुरुवात करून जाडी वाढवत डावीकडे अकरापर्यंत नेली. चौकट त्यावर टेकवली तेव्हा बुडबुडा पातळीच्या बरोबर मध्ये आला.

पॅकिंग कशाचं ठेवतात यावर नजर ठेवा. हाताला लागेल ते सरकवायची सवय मोठी असते. प्लायचा तुकडा, खोक्याचा पुठ्ठा, एकदा तर मी तंबाखूच्या पुडीची घडी पाहिली आहे. लाकूड पाण्याने फुगतं, पुठ्ठा दबतो, लोखंड गंजून चौकटीचं नुकसान करतं. कडक प्लास्टिकच्या चकत्या वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात, त्याच बऱ्या.

पातळी झाली की ओळंबा लावून बाजूचे खांब सरळ आहेत का पाहिलं, खोलीच्या बाजूने आणि भिंतीच्या जाडीच्या बाजूने असं दोन्हीकडून. शेवटी टेपने दोन्ही कर्ण मोजले. १५१० बाय १२०८ च्या चौकटीचा कर्ण १९३४ यायला हवा. एक १९३३ आला, दुसरा १९३५. दोन मिलिमीटरचा फरक चालतो. चार-पाच झाला तर शटर आणि खांब यांच्यामध्ये एका टोकाला फट दिसते, आणि मग फॅब्रिकेटर ब्रशची पट्टी जाड लावून ती झाकतो. कर्ण तुमच्यासमोर मोजायला सांगा. अर्धा मिनिट लागतो.

चौकटीचे कान

चौकट जागेवर धरून ठेवायला तिच्या पाठीला लोखंडी पट्ट्या लावतात, त्यांना लग म्हणतात. मी त्यांना कान म्हणते. जस्ताचा मुलामा दिलेली, साधारण दोन मिलिमीटर जाड पट्टी, एक टोक चौकटीला आणि दुसरं भिंतीला. कोपऱ्यापासून साधारण आठ इंचांवर पहिला कान, पुढचे दोन फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता. आत्याच्या खिडकीला प्रत्येक बाजूला तीन, असे बारा लागले.

कानांचा मोठा फायदा खालच्या बाजूला होतो. बरेच जण ट्रॅकच्या तळातून थेट स्क्रू मारतात. त्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी साचणारच असतं, आणि मग ते स्क्रूच्या भोकातून भिंतीत उतरतं. कान असेल तर ट्रॅकला भोक पाडावंच लागत नाही. शिवाय पातळ पट्टी थोडी लवते, त्यामुळे चौकटीला उन्हात वाढायला वाव मिळतो.

विटांच्या बाजूला काम सोपं होतं. पट्टी भिंतीच्या आतल्या गालावर वाकवून, विटेत भोक पाडून, गिट्टी ठोकून स्क्रू. भोक विटेतच हवं, दोन विटांमधल्या सांध्यात नाही, आणि कडेपासून किमान दोन इंच आत. दगडाच्या बाजूला मात्र ड्रिल चुन्यात घुसलं आणि लाल-पांढरी भुकटी भसाभस बाहेर आली. गिट्टी घातली, स्क्रू फिरवला, तो नुसता फिरत राहिला. कुठेच घट्ट होत नव्हता. जुन्या घरात हे हमखास होतं, आणि इथे कारागीर तुम्हाला "सिलिकॉनने पकडेल" असं सांगू शकतो. सिलिकॉन पकडत नाही.

त्या बाजूला जुनी पद्धत वापरली. चुना खरवडून मुठीएवढे तीन खळगे केले, चार इंच खोल. पट्टीचं भिंतीकडचं टोक चिरून माशाच्या शेपटीसारखं फाकवलं, खळग्यात घातलं आणि बारीक खडीचं काँक्रीट भरलं. सिमेंट पट्टीला लागलं, चौकटीला नाही. चौकटीवर चिकटपट्टी होतीच. मग सात दिवस ते ओलं ठेवलं आणि चौकटीला आतून लाकडी आडवा टेकू दिला. शटर तोवर जिन्याखाली उभी. आत्या वैतागली, खिडकीला चादर बांधून झोपावं लागत होतं. पण घाईत शटर चढवली असती तर ओल्या काँक्रीटमधले कान हलले असते.

कान पक्के करताना त्याच जागी चौकटीमागे पॅकिंग हवं. नाही तर स्क्रू आवळताना खांब भिंतीकडे ओढला जातो. शटर बंद करून त्याची कड आणि खांब यांतली फट वरपासून खालपर्यंत पाहा. मध्येच रुंद होत असेल तर स्क्रू जास्त आवळला आहे.

सिलिकॉन कुठलं आणि कधी

काँक्रीट मुरल्यावर आणखी चार दिवस भिंत वाळू दिली. ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही. धुळीवर आणि चुन्याच्या जुन्या रंगावरही नाही. ते रंगाला चिकटतं आणि रंग भिंतीवरून सुटतो. म्हणून कडेचा सफेदीचा पापुद्रा पक्क्या प्लास्टरपर्यंत खरवडला आणि कोरड्या ब्रशने झाडला. तरी बोट फिरवलं की पांढरं होत होतं, म्हणून पुन्हा झाडला.

मग फटीत फोमची गोल दोरी दाबून बसवली, फटीपेक्षा थोडी जाड. सहाच्या फटीत आठची, अकराच्या फटीत तेराची. ही दोरी खर्च वाचवायला नसते. सिलिकॉन फक्त दोन बाजूंना चिकटायला हवं, एकीकडे चौकट आणि दुसरीकडे भिंत, म्हणजे ते रबरासारखं ताणलं जातं. मागेही चिकटलं तर ताणायला जागा उरत नाही आणि ते मधोमध फाटतं. दोरीला ते चिकटत नाही. दोरी बाहेरून सहा मिलिमीटर आत ठेवली, तेवढीच सिलिकॉनची जाडी.

दुकानात सिलिकॉनची ट्यूब घेताना एक गोष्ट बघा. स्वस्त ट्यूबला उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. काचेला काच चिकटवायला ती ठीक असते, पण सिमेंट आणि चुन्याशी तिच्यातल्या आम्लाचं जमत नाही, काही दिवसांनी भिंतीकडची कड सुटते. ट्यूबवर "न्यूट्रल" आणि बाहेरच्या कामासाठी "वेदर" असं लिहिलेलं घ्या. वास आला तर ट्यूब परत करा, कारागीर काहीही म्हणो.

आणि वेळ? सिलिकॉन वाळत नाही, हवेतली ओल शोषून घट्ट होतं. मे महिन्याच्या कोरड्या लूमध्ये ते रेंगाळतं, आणि तापलेल्या चौकटीवर फुगेही येतात. भर उन्हात चौकट फुगलेली असते, फट सर्वांत लहान असते. तेव्हा भरलेलं सिलिकॉन जानेवारीत जास्त ताण सोसतं. म्हणून झाशीसारख्या हवेत पाऊस संपून भिंती सुकल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, किंवा फेब्रुवारीत हे काम करावं. आत्याच्या पश्चिमेच्या खिडकीवर सकाळी नऊ वाजता काम झालं, ऊन त्या बाजूला यायच्या आधी. सिलिकॉन भरल्यावर गोल टोकाच्या पट्टीने एका दमात दाबत नेलं, म्हणजे ते दोन्ही कडांना नीट टेकतं.

एका जागी मात्र त्याला हात लावू दिला नाही. खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला लांबट भोकं असतात. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. ती कुरूप दिसतात म्हणून उत्साही कारागीर ती बुजवून टाकतात आणि मग ट्रॅकचं तळं होऊन पाणी घरात उतरतं. आत्याच्या पहिल्या खिडकीची भोकं सिमेंटच्या शिंतोड्यांनी बंद झाली होती, हे चौकट काढल्यावर कळलं.

पाण्याची परीक्षा

आठवड्याने आम्ही पाइप लावला. आधी फक्त खालच्या कडेवर दहा मिनिटं, मग बाजूंवर, मग वरच्या कडेवर. खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. आत एक जण कोरडा कागद भिंतीला लावून उभा. खालची कड कोरडी, बाजू कोरड्या. वरच्या डाव्या कोपऱ्यात, दगडाच्या बाजूला, कागदावर रुपयाएवढा डाग उमटला. तिथे दगडाच्या खाचेत सिलिकॉन पोहोचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती वीतभर पट्टी कापून काढली, खाच साफ केली आणि पुन्हा भरली. पुढच्या रविवारी परत पाणी मारलं तेव्हा कागद कोरडा राहिला.

मे महिन्यात आंधी आली त्या संध्याकाळी आत्याने फोनवरून व्हिडिओ पाठवला. खालच्या भोकांतून पाण्याची धार बाहेर गल्लीकडे पडत होती, आतली भिंत कोरडी. मात्र दोन भोकांतून धार येत होती आणि तिसऱ्यातून थेंब-थेंब. आंधीची माती अडकली होती. आत्याने जुना टूथब्रश घेतला आणि तेही मोकळं केलं.